रेग्युलेटरवर आयएसआय आहे, पण नंबर कुकरचा निघाला

अबोली_क

नमस्कार मंडळी. गॅसची नळी आणि रेग्युलेटर दोन्ही बदलायचं चाललंय. नळी नारिंगी रंगाची आहे, वरचा छाप बराच पुसलाय, पण टॉर्च मारून पाहिलं तर २०१८ साल वाचता येतं. रेग्युलेटरच्या बाजूचं टोक कडक झालंय आणि तिथे नखाने ओढल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. रेग्युलेटरची कळ ढिली वाटते. दोन दिवस अधूनमधून वास येतोय, सतत नाही.

काल हार्डवेअरच्या दुकानातून नवी नळी आणि नवा रेग्युलेटर आणला. दोन्हींवर आयएसआयचं चिन्ह आहे. अजून बसवलेलं नाही, कारण रेग्युलेटर हातात घेतल्यावर जुन्यापेक्षा फारच हलका लागला. नवऱ्याचं म्हणणं, "आता सगळंच हलकं येतं." तर बसवण्याआधी नेमकं काय बघायचं? वस्तू परत करायला दुकानदाराने आठवड्याची मुदत दिली आहे.

रोखठोक

आयएसआय आहे ना, मग झालं. नका एवढा विचार करू. नळी मात्र दर दोन वर्षांनी बदलायची असते, तुमची कधीच बाद झाली आहे. २०१८ ची नळी अजून वापरताय म्हणजे कमाल आहे.

पाना_आणि_पक्कड

अबोलीताई, आधी वासाचं. वास येतोय तर रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेलं प्लॅस्टिकचं टोपण बसवा. वास कमी न होता वाढला तर तपासत बसू नका. खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. तो गॅसगळतीसाठीचाच क्रमांक आहे.

आता वस्तूंबद्दल. मी गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून बरीच वर्षं काढली, आता घरी बसलोय. नुसतं आयएसआयचं चिन्ह बघून मी कधी काही घेतलं नाही. त्या चिन्हाच्या वर एक आकडा असतो आणि खाली एक. वरचा आकडा सांगतो की ही वस्तू कोणत्या मानकाप्रमाणे केली आहे. गॅसच्या रबरी नळीला तो आयएस ९५७३ हवा, घरगुती रेग्युलेटरला आयएस ९७९८. खाली CM/L लिहून पुढे लांबलचक नंबर असतो, तो त्या कारखान्याचा परवाना. हे तिन्ही एकत्र असेल तर ती खूण. मधलं चित्र एकटं असेल तर ते कोणीही छापू शकतं, त्याला काही लागत नाही.

तुमच्या दोन्ही वस्तूंवर वर काय आणि खाली काय आहे, जसंच्या तसं वाचून सांगा. नंबर इथे लिहू नका, फक्त आहे की नाही ते सांगा.

@रोखठोक, दोन वर्षांचं तुमचं अगदीच चूक नाही. जुन्या साध्या रबरी नळ्यांना तेच सांगायचो आम्ही. आतून तार असलेली नारिंगी सुरक्षा नळी आली तेव्हापासून पाच वर्षं धरतात. २०१८ ची मात्र कुठल्याही हिशेबाने गेलीच.

अबोली_क

नळी: चिन्हाच्या वर आयएस ९५७३ आहे, त्यापुढे कंसात भाग २ लिहिलंय. खाली CM/L आणि नंबर. कंपनीचं नाव आहे, महिना आणि वर्ष आहे. हाच मजकूर नळीवर पुन्हा पुन्हा छापलाय.

रेग्युलेटर: वर काहीच नाही! चिन्ह आणि खाली CM/L नंबर. तोसुद्धा स्टिकरवर आहे, रेग्युलेटरच्या अंगावर नाही. जुना काढून पाहिला तर त्याच्या धातूतच अक्षरं उठवलेली आहेत, गॅस कंपनीच्या नावासकट.

पाना_आणि_पक्कड

स्टिकर म्हटलंत तिथेच माझा तर निकाल झाला. पण तुम्ही स्वतः खात्री करा. मोबाईलवर `BIS Care` नावाचं सरकारी ॲप घ्या. त्यात `Verify Licence Details` असं असेल, तिथे CM/L चा नंबर टाका. मग कारखान्याचं नाव, पत्ता, कोणत्या मानकाचा परवाना आणि तो चालू आहे की नाही, हे सगळं येतं. नुसतं "सापडला" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वस्तूचा परवाना आहे ते वाचा.

मधुमालती७

आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. आमच्या मीटरशेजारी पण रेग्युलेटर आहे पण त्यावर मला कुठेच आयएसआय दिसत नाही 😟 मी पण बदलून घेऊ का? दुकानात मिळतो का तो?

पाना_आणि_पक्कड

मधुमालतीताई, तुमचं प्रकरण वेगळं. पाइपच्या गॅसचा दाब वेगळा, त्याचा रेग्युलेटर वेगळा, आणि तो तुमच्या गॅस पुरवठादाराचा. त्याला हात लावू नका, शंका असेल तर त्यांनाच बोलवा. शेगडीकडे जाणारी रबरी नळी मात्र याच धाग्यात सांगतोय तशी बघून घ्या.

अबोली_क

अहो काका, हे बघा काय निघालं.

नळीचा नंबर टाकला. आयएस ९५७३, नळीवर छापलेलंच कंपनीचं नाव, परवाना चालू. जीव भांड्यात पडला.

मग रेग्युलेटरचा टाकला. परवाना चालू आहे, खराखुरा आहे, पण मानक आयएस २३४७. शोधलं तर ते प्रेशर कुकरचं! कारखान्याचं नावही वेगळंच, रेग्युलेटरच्या खोक्यावर ते कुठेच नाही.

रोखठोक

छपाईची चूक असेल. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की दुसऱ्याचा नंबर होतो. लगेच बनावट म्हणून मोकळे होऊ नका, दुकानदाराचंही नाव खराब होतं.

पाना_आणि_पक्कड

शंका रास्त आहे. ताई, चांगल्या उजेडात परत वाचा. ३ आणि ८, १ आणि ७ फसवतात. मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा.

अबोली_क

बघितलं. मुलाला वाचायला लावलं, मी टाइप केलं. तोच कुकर. आणि समजा आकडा चुकला असला, तरी वर आयएस ९७९८ कुठेच नाही, त्याचं काय?

रोखठोक

बरं, मग परत करा. माझी हरकत नाही 🙂

चकलीचा_सोऱ्या

याचं मला कुतूहल आहे. खोटाच नंबर छापायचा तर कुकरचा कशाला? मनाला येईल तो का नाही छापत?

पाना_आणि_पक्कड

मनचा छापला तर ॲपमध्ये सापडतच नाही, लगेच पकडला जातो. उचललेला खरा नंबर "चालू" दाखवतो, आणि बहुतेक लोक तेवढंच बघून ॲप बंद करतात. हा माझा अंदाज हं, मी काही त्यांच्यात बसून चहा प्यायलेलो नाही.

हलका का लागला तेही सांगतो. सिलिंडरमधला दाब हवामानाप्रमाणे बदलतो, साधारण पाच-सहा किलो दर चौरस सेंटिमीटरला धरा. शेगडीला लागतो तीस ग्रॅम. म्हणजे तो जवळजवळ दोनशे पटीने खाली आणायचा, आणि सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, तिथेच धरून ठेवायचा. हे काम आतला रबरी पडदा, स्प्रिंग आणि एक छोटी झडप करतात. हलक्या मालात पहिली काटछाट तिथेच होते. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून तर कारखान्याचा परवाना बघायचा.

पण ताई, खरी गोष्ट अजून तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. घरगुती कनेक्शनचा रेग्युलेटर बाजारातून विकत घ्यायचाच नसतो. कनेक्शन घेताना अनामत भरून तो मिळतो, तुमच्या व्हाउचरवर सिलिंडरबरोबर त्याचीही नोंद असते. मालकी कंपनीची. आपोआप बिघडला तर एजन्सीने तो बदलून द्यायचा, त्याचे पैसे नाहीत. आपल्या हातून तुटला किंवा हरवला तर मात्र भरावे लागतात.

अबोली_क

म्हणजे मी दुकानात पैसे उगाच घातले 🤦‍♀️ व्हाउचर शोधलं, त्यावर "रेग्युलेटर १" लिहिलंय खरंच. इतक्या वर्षांत कोणी वाचलंच नव्हतं ते.

पाना_आणि_पक्कड

कोणीच वाचत नाही. आता एजन्सीत जाण्याआधी जुना रेग्युलेटर खरंच गेलाय का ते बघू, कारण "रेग्युलेटर गळतो" म्हणून आलेल्या तक्रारींत मला कितीतरी वेळा रेग्युलेटर ठणठणीत मिळालाय. दोष सिलिंडरच्या तोंडातल्या वॉशरचा असतो. ती काळी रबरी चकती रेग्युलेटरमध्ये नसते, सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये असते, आणि दर नव्या सिलिंडरबरोबर वेगळी येते.

आत्ता वास नसेल तरच पुढचं करा. वाटीत भांड्यांच्या साबणाचा दाट फेस घ्या, जुना ब्रश घ्या. शेगडीच्या दोन्ही कळा बंद. काडी, लायटर आसपास नको.

आधी रेग्युलेटर सिलिंडरवर बसवा, पण त्याची कळ बंदच ठेवा. तो बसतो तिथे भोवती फेस लावा. कळ बंद असताना सिलिंडरच्या व्हॉल्व्हची पिन दाबलेली नसते, म्हणजे गॅस वर यायलाच नको. इथे बुडबुडे आले तर व्हॉल्व्हच नीट बंद होत नाही, सिलिंडर परत द्यायचा.

मग कळ चालू करा आणि तीन ठिकाणं बघा. रेग्युलेटर आणि सिलिंडर जिथे भेटतात तिथे आले तर वॉशर. रेग्युलेटरच्या वरच्या भागात टाचणीएवढं एक भोक असतं, तिथे फुगा धरला तर आतला पडदा फाटलाय, रेग्युलेटर गेला. नळी जिथे चढवली आहे तिथे आले तर नळी किंवा तिची बसवणूक. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट तरी थांबा. बारीक गळतीचा फुगा हळूहळू येतो, घाईत तो दिसत नाही.

तवा_गरम

थांबा थांबा. ते वरचं भोक! आमच्या रेग्युलेटरला ते होतं, त्यातून कचरा जाईल म्हणून मीच मागे त्यावर एम-सील लावलं. सहा महिने झाले, काही झालं नाही. चुकलं का?

पाना_आणि_पक्कड

चुकलं. पडद्याच्या वरची हवा त्या भोकातून आत-बाहेर होते, तेव्हाच पडदा वर-खाली हलू शकतो. भोक बुजवलं की हवा कोंडते, पडदा अडतो आणि दाब हवा तसा राहत नाही. ज्योत कधी मोठी, कधी दबलेली होते. दुसरं, पडदा फाटला तर वास बाहेर येऊन कळायला हवं, तो रस्ताही तुम्ही बंद केला. एम-सील खरवडत बसू नका, चुरा आत जाईल. एजन्सीत नेऊन दाखवा आणि खरं सांगा. पैसे लागतील बहुतेक.

तवा_गरम

ज्योत कमी-जास्त होते खरी. मी शेगडीला दोष देत होतो. नेतो उद्या.

सांजवात

माझी ज्योत पिवळी येते, म्हणजे रेग्युलेटर बदलायला हवा असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. खरं का?

पाना_आणि_पक्कड

पिवळी ज्योत बहुतेक वेळा बर्नरची. छिद्रं बुजलेली असतात नाहीतर हवा कमी मिळते. आधी बर्नर साफ करून बघा. रेग्युलेटर बिघडला की जास्त करून ज्योतीची उंची बिघडते, म्हणजे उगाच फरफर करत वर जाते किंवा बर्नरवरून उचलली जाते.

अबोली_क

केलं सगळं. कळ बंद असताना काही नाही. कळ चालू केली, वरच्या भोकावर काही नाही. नळीच्या टोकाला वीस-एक सेकंदांनी एक बारीक फुगा. आणि सिलिंडर-रेग्युलेटरच्या सांध्यावर भराभर फेस!! लगेच बंद केलं, टोपण लावलं.

म्हणजे दोन गळत्या होत्या. ज्या रेग्युलेटरवर मी आळ घेतला तो निर्दोष?

पाना_आणि_पक्कड

गळतीपुरता निर्दोष. ढिली कळ वेगळी बघू. वॉशरसाठी एजन्सीला फोन करा. सिलिंडर आणून देणाऱ्या मुलाकडे वॉशर असतातच, दोन मिनिटांचं काम आहे. सुईने किंवा पिनेने स्वतः काढायला जाऊ नका, चुकून पिन दाबली गेली की गॅसचा फवारा तोंडावर येतो.

आता नळी. काढलीत की टोकापासून वीतभर भाग अंगठ्याभोवती वाकवा आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूला बघा. सरळ असताना ज्या रेघा दिसत नाहीत त्या तिथे तोंड उघडतात. दुसरं टोक शेगडीच्या बाजूचं, तिथे उष्णतेने रबर कडक तरी होतं नाहीतर चिकट आणि फुगीर. मधल्या भागात ओट्याच्या कडेवर घासलेला किंवा उंदराने कुरतडलेला भाग आणि कुठे तार डोकावते का, एवढं बघा.

रोखठोक

यावर आमच्याकडे सोपा उपाय आहे. टोक कडक झालं की दोन इंच कापायचं, नळी गरम पाण्यात बुडवायची आणि परत चढवायची. वडिलांच्या वेळेपासून करतोय.

पाना_आणि_पक्कड

जुन्या साध्या नळीला लोक करायचे, मी स्वतः केलंय सुरुवातीच्या काळात, लपवत नाही. पण टोक कडक झालं ते वयाने झालं, उरलेली नळीही त्याच वयाची आहे. तारेच्या नळीला कापलं तर तारेची टोकं उघडी पडतात. आणि गरम पाण्याशिवाय नळी चढतच नसेल तर ती त्या मापाची नाही किंवा रबर मेलंय. चांगली नळी जोर लावून, पिळत पिळत, नोझलच्या सगळ्या कंगोऱ्यांवरून शेवटपर्यंत जाते. उलट एका बोटाने सरकन गेली तर तीही घेऊ नका.

चकलीचा_सोऱ्या

बाजारात स्टीलच्या जाळीची चकचकीत नळी मिळते, ती या नारिंगीपेक्षा मजबूत नाही का? उंदरांचा प्रश्नच मिटला.

पाना_आणि_पक्कड

उंदरांचा मिटेल. पण जाळीखालचं रबर तुम्हाला दिसणार कसं? ते तडकलं तरी वरून चकाचकच. तिच्यावर आयएस ९५७३ आणि परवाना नंबर छापलेला कुठे दिसला तर मला सांगा, मी अशा ज्या पाहिल्या त्यांच्यावर काहीच नव्हतं. नारिंगीत तार आतच असते.

आणि नळीवर कापड, प्लॅस्टिकचं वेष्टण काहीही घालू नका. भिंतीतून नेऊ नका, दोन तुकडे जोडू नका. दीड मीटरपेक्षा लांब लागत असेल तर सिलिंडर सरकवा.

सांजवात

टोकाला क्लिप लावायची का? आमच्या एजन्सीच्या माणसाने लावली नाही, म्हणाला गरज नाही. भावाकडे दुसऱ्याने लावून दिली.

पाना_आणि_पक्कड

यावर आमच्यातच दोन तट होते. मी लावत नसे. स्क्रू जास्त आवळला की क्लिपची कड रबर कापते, आणि लोक जास्तच आवळतात. माझा सहकारी प्रत्येक ठिकाणी लावायचा आणि त्याच्याकडूनही कधी तक्रार आली नाही. ढिल्या नळीला क्लिपने आवळून चालवणं चूक, यावर मात्र आमचं एकमत होतं.

मधुमालती७

तारखेचं विचारू का? अबोलीच्या नव्या नळीवर महिना-वर्ष आहे म्हणाली. पाच वर्षं कधीपासून मोजायची, बनवल्यापासून की बसवल्यापासून?

अबोली_क

हो, हे राहिलंच. नवी नळी बनवून पावणेतीन वर्षं झाली आहेत! दुकानदार म्हणतो, बसवल्यापासून पाच.

रोखठोक

दुकानदाराचं बरोबर आहे. पाकिटात बंद नळीला काय होतंय? तिथे ना उष्णता ना तेल.

पाना_आणि_पक्कड

रबर पाकिटातही म्हातारं होतं, हळू होतं एवढंच. मी छापलेल्या तारखेपासून मोजतो, कारण बसवल्याची तारीख नळीवर कुठेच लिहिलेली नसते आणि पाच वर्षांनी ती कोणालाच आठवत नाही. काही नळ्यांवर कधीपर्यंत वापरायची तेच छापलेलं असतं, तसं असेल तर वादच नाही. ताई, तुमच्यावर तसं काही आहे का?

अबोली_क

नाही, फक्त बनवल्याचा महिना-वर्ष. म्हणजे तुमच्या हिशेबाने सव्वादोन वर्षंच उरली. परत करते तीही.

रोखठोक

चांगली नळी परत करताय. असो.

अबोली_क

तीन दिवसांनी लिहितेय.

दुकानदाराला ॲपवर कुकर दाखवला. आधी म्हणाला ॲप चुकीचं आहे. मग त्याच्याच कपाटातले आणखी दोन रेग्युलेटर काढून नंबर टाकले, दोन्हींवर तोच नंबर, तोच कुकर. पैसे परत दिले, नळीचे पण. कपाटातले रेग्युलेटर त्याने काढून टाकले की पुन्हा मांडले ते माहीत नाही.

एजन्सीच्या मुलाने वॉशर बदललं, सांध्यावरचा फेस थांबला. नळी एजन्सीतूनच घेतली, चार महिन्यांपूर्वीची आहे, नंबर तपासला. नोझलवर चढवताना घाम निघाला, पण शेवटपर्यंत गेली. क्लिप लावली नाही. परत साबण लावून अर्धा-अर्धा मिनिट मोजलं, कुठेच काही नाही.

रेग्युलेटरचं मात्र अडलंय. कळीला आतून तडा आहे, म्हणून ढिली. काउंटरवरचे म्हणतात हे तुमच्या हातून तुटलंय, पैसे भरा. मी म्हणते वापरून वापरून गेलं. काका, अशा वेळी ठरवतं कोण?

पाना_आणि_पक्कड

काउंटरवरचा माणूस नाही, त्यांच्या मेकॅनिकला बघायला सांगा. पडल्याचा, आपटल्याचा ओरखडा धातूवर दिसतो. तो नसेल आणि तडा फक्त कळीच्या प्लॅस्टिकला असेल तर मी झीज म्हटलं असतं. तिथे कोण बसलंय त्यावर आहे. ऐकलं नाही तर कंपनीच्या पोर्टलवर तक्रार टाका, त्याचा नंबर मिळतो. तोवर कळ चालू-बंद होताना अर्ध्यावर अडकत असेल तर तो रेग्युलेटर वापरू नका.

अबोली_क

अडकत नाही, पण बंद झाल्याचा टक आवाज कधी येतो, कधी नाही.

पाना_आणि_पक्कड

मग नका वापरू. आवाज आला नाही तर बंद झालाय की नाही हे तुम्हाला कळणार कसं? आजच घेऊन जा, आणि काउंटरवर त्यांच्यासमोर दहा वेळा फिरवून दाखवा.

तवा_गरम

माझं एम-सीलवालं प्रकरण: पैसे घेतले. वर मेकॅनिकने सगळ्यांना बोलावून दाखवलं 😅 नवीन रेग्युलेटरवर ज्योत एकसारखी आहे.